बिल-बॉक्स सगळं आहे: फोटोतला कागद कसा वाचायचा

गेल्या वर्षी जूनमध्ये पुण्याहून भाच्याचा मेसेज आला. सोबत विकायला असलेल्या एका जुन्या फोनचे तीन फोटो होते. एकात फोनचा खोका, दुसऱ्यात फोन आणि तिसऱ्यात दुकानाचं बिल. खाली लिहिलं होतं, "मामा, बत्तीस हजार म्हणतोय. बिल-बॉक्स सगळं आहे, वॉरंटी नोव्हेंबरपर्यंत आहे. घेऊ का?"

मी सांगलीत दुकानदारांचे हिशेब लिहितो. जीएसटीची विवरणपत्रं भरायची म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची बिलं बघायची, हाच उद्योग. फोनमधलं मला फारसं कळत नाही, पण बिलातलं कळतं. भाच्याला म्हटलं, थांब, आधी कागद वाचू. त्या एका बिलाच्या निमित्तानं त्याला जे समजावलं, तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक फरक ध्यानात घेतला पाहिजे, कारण सगळी तपासणी त्यावर उभी आहे. खोटे कागद तीन जातींचे असतात. पहिल्या जातीत कागद खरा असतो आणि त्यातली एखादी गोष्ट बदललेली असते, म्हणजे तारीख, रक्कम किंवा नाव. दुसऱ्या जातीत अख्खा कागद घरी बसून बनवलेला असतो. तिसऱ्या जातीत कागद शंभर टक्के खरा असतो, फक्त तो या वस्तूचा नसतो. फोटो मोठा करून डोळे बारीक केले तर पहिली जात बहुतेक वेळा सापडते. दुसरी फोटोत दिसत नाही, ती कागदावरच्या मजकुरात सापडते. तिसरी फोटोतही दिसत नाही आणि मजकुरातही नाही. तिच्यासाठी वस्तू आणि कागद शेजारी शेजारी ठेवावे लागतात. लोक सगळा वेळ पहिल्या जातीवर घालवतात आणि फसतात ते मात्र तिसरीत.

फोटोत काय दिसतं

भाच्याला मी आधी फोटो पुन्हा मागवायला सांगितला. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि अक्षरांच्या कडांना धुरकट झालर येते. अशा फोटोत खरी अक्षरंसुद्धा संशयास्पद दिसतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ आकारात येतो. दुसरी अट अशी की स्कॅन करणाऱ्या ॲपमधून काढलेला नको, साध्या कॅमेऱ्याचा हवा. स्कॅनचं ॲप कागद पांढराशुभ्र करतं, सावली पुसतं आणि वाकलेल्या ओळी सरळ करतं. आपल्याला नेमक्या त्याच गोष्टी बघायच्या असतात. खिडकीजवळ कागद ठेवून, उजेड एका बाजूनं तिरका पडेल असा फोटो सगळ्यात चांगला.

विक्रेत्यानं कटकट न करता तसा फोटो पाठवला. अर्ध्या पानाचं, लेझर प्रिंटरवर छापलेलं बिल होतं, मधोमध एक घडी. तारीख होती 12/11/2024.

अशा फोटोत अक्षराआधी अक्षरामागचा कागद बघायचा. साधा पांढरा कागद फोटोत कधीच एकसारखा पांढरा नसतो. त्याला बारीक रवा असतो, उजेडाच्या बाजूला तो उजळ असतो आणि दुसऱ्या बाजूला किंचित पिवळट किंवा राखाडी होत जातो. जुना आकडा पुसून नवा बसवायचा तर आधी जुन्या आकड्यावर कागदाच्या रंगाचा पट्टा मारावा लागतो. पट्टा नीट मारला तरी त्यात तो रवा नसतो. मोठं करून पाहिलं की तारखेमागे पोस्टकार्डावर खडू फिरवल्यासारखा एक गुळगुळीत चौकोन दिसतो. सावलीत तर तो फारच उघडा पडतो, कारण बाकी कागद काळवंडलेला असतो आणि तेवढा चौकोन पांढरा राहतो.

मग अक्षर. यात एक साधी युक्ती आहे. संशय असलेला आकडा त्याच कागदावरच्या त्याच आकड्याशेजारी ठेवून बघायचा. आमच्या बिलात तारखेतला महिना "11" होता. मी तो कापून बिल नंबरातल्या "1" शेजारी ठेवला, आणि मग तारखेतल्याच "12" मधल्या "1" शेजारी. दिवसाचा "1" आणि बिल नंबरातला "1" सारखेच होते, डोक्याला छोटी तिरकी रेघ आणि पायाला आडवी पट्टी. महिन्यातले दोन्ही "1" मात्र नुसत्या उभ्या काठ्या होत्या, पायात पट्टी नव्हती. एकाच तारखेत दोन वळणांचे एक कुठला प्रिंटर छापतो?

ओळही बघायची. कागद हातात धरलेला किंवा घडी घातलेला असला की छापील ओळ कागदाबरोबर वाकते. संगणकावर बसवलेली अक्षरं ताठ राहतात, कारण त्यांना घडीचा पत्ताच नसतो. आमच्या बिलाची घडी तारखेपासून लांब होती, त्यामुळे इथे याचा उपयोग झाला नाही. पण घडीवरून आणखी एक गोष्ट कळते. चलाख माणूस बदललेलं बिल नव्यानं छापतो आणि त्या छापील कागदाचा फोटो काढतो. मग रवा सगळीकडे सारखा येतो, पट्टा दिसत नाही, ओळीही एकत्र वाकतात. अशा वेळी घडी बघावी. खऱ्या घडीची एक बाजू उजळ आणि दुसरी गडद असते, आणि उजेडाची दिशा बदलली की त्या बाजू बदलतात. छापलेल्या घडीची रेघ मात्र कशीही धरली तरी तशीच राहते. म्हणून दोन वेगवेगळ्या उजेडातले दोन फोटो मागावेत.

रबरी शिक्क्यालाही हेच लागू आहे. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, घड्याळ यांच्या वॉरंटी कार्डावर अजूनही दुकानाचा शिक्का आणि सही चालते. हातानं मारलेला शिक्का एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ असतो, कड तुटलेली असते आणि शाईतून खालची छापील अक्षरं दिसतात. संगणकावर चिकटवलेला शिक्का सगळीकडे एकाच जांभळ्या रंगाचा असतो. एकाच विक्रेत्याच्या दोन कार्डांवर शिक्क्याची तुटकी कड नेमकी एकाच जागी आणि एकाच कोनात असेल, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. काही खरे कागद खोटे वाटतात. पेट्रोल पंपावर किंवा मॉलमध्ये मिळतात त्या थर्मल पावत्या उन्हात, गाडीत किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवल्या तर वर्षभरात पुसट होतात. काही मालक पुसट आकडे पेननं गिरवून ठेवतात. ती बनवाबनवी नव्हे, काळजी आहे. हल्लीचे फोनचे कॅमेरेही अक्षरं आपल्या मनानं ठळक करतात. म्हणून फोटोतली खूण म्हणजे शंका समजावी, निकाल समजू नये.

मजकुरात काय सापडतं

आता माझ्या आवडीचा भाग.

बिलाच्या डोक्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असतो, पंधरा अक्षर-आकड्यांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30, कर्नाटकाचे 29. पुढची दहा अक्षरं म्हणजे दुकानमालकाचा किंवा कंपनीचा पॅन. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यातली ही कितवी नोंदणी हे सांगतं, चौदावं सहसा Z असतं, आणि पंधरावं आधीच्या चौदांवरून हिशेबानं निघतं. म्हणजे मनाला येईल तो क्रमांक ठोकला तर तो बहुधा चुकतोच.

पॅनमधलं चौथं अक्षरही बोलकं आहे. व्यक्तीचा पॅन असेल तर तिथे P येतो, कंपनीचा असेल तर C, भागीदारी फर्मचा असेल तर F. बिलावर मोठ्या अक्षरात प्रायव्हेट लिमिटेड आणि पॅनमध्ये P, हे जुळत नाही. बनवणाऱ्यानं गल्लीतल्या कुठल्या तरी दुकानाचा क्रमांक उचलून कंपनीच्या नावाखाली डकवलेला असतो.

याहून पक्की तपासणी सरकारी जीएसटी पोर्टलवर फुकट होते. तिथे Search Taxpayer मध्ये क्रमांक टाकायचा, लॉगिन लागत नाही. मालकाचं कायदेशीर नाव, दुकानाचं व्यापारी नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, एवढं लगेच दिसतं. लोक नाव जुळलं की समाधान मानतात. मी नोंदणीची तारीख आधी बघतो. बिल मार्चचं आणि नोंदणी ऑगस्टची, असं बिल त्या दुकानातून निघूच शकत नाही. नोंदणी रद्द झाल्यानंतरच्या तारखेचं बिल असलं तरी तीच गोष्ट.

भाच्याच्या बिलावरचा क्रमांक खरा निघाला. दुकान पुण्यातलं, नाव जुळलं, नोंदणी जुनी आणि चालू. मग कर. दुकानही पुण्यात आणि फोन काउंटरवरच हातात घेतलेला, म्हणून केंद्राचा आणि राज्याचा कर निम्मा निम्मा दाखवायला हवा, तो तसाच होता. परराज्यातून ऑनलाइन मागवला असता तर एकच आयजीएसटी आला असता. इथे नवखे लोक घसरतात. ऑनलाइन कंपनीचं मुख्य ऑफिस बंगळुरात असलं म्हणून बिल तिथलंच असेल असं नाही. माल भिवंडीच्या गोदामातून निघाला तर बिलावर 27 नं सुरू होणारा क्रमांक येतो आणि कर निम्मा निम्माच पडतो. बिलावरचे दोन पत्ते, म्हणजे माल कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे वाचून मग कराचा प्रकार बघायचा.

पुढे आकडेमोड. एकूण रक्कम 54,999. मोबाइलवर जीएसटी 18 टक्के, म्हणून 54,999 ला 1.18 नं भागायचं. मूळ किंमत येते 46,609.32. त्यावर 9 टक्के केंद्राचा 4,194.84 आणि तेवढाच राज्याचा. तिन्हींची बेरीज बरोबर 54,999. बिलावर हेच आकडे होते. ज्यानं रक्कम बदलली असेल तो बहुतेक वेळा शेवटचा मोठा आकडा बदलतो आणि वरचे कराचे आकडे तसेच ठेवतो, किंवा खाली अक्षरी लिहिलेली रक्कम बदलायला विसरतो. इथे सगळं जुळत होतं. पण त्याचा अर्थ एवढाच की रकमेला कोणी हात लावलेला नाही.

कराचा दरही तारखेचा साक्षीदार असतो. मोबाइलवर 1 एप्रिल 2020 पासून 18 टक्के लागतो, त्याआधी 12 होता. एसीवर 28 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 झाला. तेव्हा उन्हाळ्यात, एप्रिल 2025 मध्ये घेतलेल्या एसीच्या बिलावर 18 टक्के दिसला तर ते बिल एप्रिलमध्ये छापलेलं नाही. आणि 1 जुलै 2017 च्या आधीच्या बिलावर जीएसटी असूच शकत नाही, तेव्हा व्हॅट होता. जुन्या तारखेचं बिल बनवणारे आजच्या बिलाचा नमुना समोर ठेवून बनवतात आणि इथे अडकतात.

आमच्या बिलात दर बरोबर होता. मग माझी नजर बिल नंबरवर गेली.

PN/23-24/04817

नियमाप्रमाणे बिल नंबर सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा, क्रमानं यावा आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये. दर एप्रिलला क्रम नव्यानं सुरू करायचा तर जुन्या वर्षाच्या नंबराशी गल्लत होऊ नये म्हणून बरेच दुकानदार नंबरातच वर्ष घालतात. 23-24 म्हणजे 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024. त्या वर्षाच्या बिलावर 12 नोव्हेंबर 2024 ही तारीख येईलच कशी? नोव्हेंबर 2024 च्या बिलावर 24-25 हवं होतं.

म्हणजे महिना बदलला होता. मूळ महिना कुठला, ते फोटोवरून सांगता येत नव्हतं. एवढं मात्र नक्की की तो मार्च 2024 किंवा त्याआधीचा होता, आणि एक वर्षाची वॉरंटी केव्हाच संपली होती. "नोव्हेंबरपर्यंत" म्हणून जिचे चार-पाच हजार जास्त मागितले जात होते, ती वॉरंटी मुळात नव्हतीच.

भाचा म्हणाला, "मामा, मग फोन चोरीचा असणार."

मी म्हटलं, असं लगेच म्हणता येत नाही. तारीख बदललेली आहे, एवढंच सिद्ध झालं. चोरीच्या फोनवाल्याला तारखेत कशाला रस असेल? त्याला नाव आणि फोनचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, बदलायचा असतो. कागदात काय बदललंय त्यावरून बदलणाऱ्याची गरज कळते. तारीख बदलली म्हणजे वॉरंटी विकायची होती, रक्कम बदलली म्हणजे भाव चढवायचा होता, नाव बदललं म्हणजे मालकी दाखवायची होती.

कागद खरा, वस्तू दुसरी

आता तिसरी जात. एखाद्याकडे खरा फोन आणि त्याचं खरं बिल आहे. त्यानं विकायला टाकलेल्या जाहिरातीतला बिलाचा फोटो दुसरा कोणी उचलतो आणि आपल्या जाहिरातीत लावतो. रवा खरा, शिक्का खरा, कर बरोबर, नंबरही बरोबर. तो फोटो टाकून इंटरनेटवर शोधलं तर कधी कधी तोच फोटो दोन शहरांतल्या जाहिरातींत सापडतो. पण नाही सापडला तरी निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

इथे आयएमईआय कामाला येतो. पंधरा आकड्यांचा हा क्रमांक प्रत्येक फोनला असतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात. पहिल्या आठ आकड्यांवरून कंपनी आणि मॉडेल कळतं, पुढचे सहा त्या विशिष्ट फोनचे, आणि शेवटचा पडताळणीचा. हा शेवटचा आकडा कागदावर काढता येतो. पाठ्यपुस्तकी नमुन्याचा एक क्रमांक घेऊ:

490154203237518

शेवटचा 8 बाजूला ठेवायचा. उरलेल्या चौदांतला दुसरा, चौथा, सहावा असा एकाआड एक आकडा दुप्पट करायचा. दुप्पट दोन आकडी आली तर ते दोन आकडे एकमेकांत मिळवायचे, जसं 9 चे 18 आणि 18 चे 9. मग सगळ्यांची बेरीज करायची. इथे ती 52 येते. पुढच्या दशकाला, म्हणजे 60 ला, 8 कमी पडतात, आणि शेवटचा आकडा 8 च आहे. जुळलं. बनवलेल्या बिलावर मनानं लिहिलेला आयएमईआय दहापैकी नऊ वेळा इथेच पडतो. खरा क्रमांक उचललेला असेल तर अर्थातच पडत नाही.

म्हणून पुढची पायरी म्हणजे KYM लिहून, एक जागा सोडून, आयएमईआय टाकून 14422 वर एसएमएस करायचा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हेच करता येतं. उत्तरात कंपनी, मॉडेल आणि स्थिती येते. क्रमांक काळ्या यादीत असेल तर चोरीची किंवा हरवल्याची तक्रार नोंदवून तो बंद केलेला असण्याची शक्यता मोठी. उत्तरात दुसरंच मॉडेल आलं तर तो क्रमांक या फोनचा नाही. पण ज्या फोनच्या चोरीची तक्रारच झाली नाही, तो इथे स्वच्छ दिसतो. या तपासणीची मर्यादा तेवढी आहे.

आमच्या विक्रेत्यानं बिलावरचा आयएमईआय अंगठ्यानं झाकला होता. भाच्याला ते खटकलं, मला नाही खटकलं. उघड्या आयएमईआयचा गैरवापर होतो, म्हणून शहाणी माणसं जाहिरातीत तो झाकतातच. नाव आणि पत्ता झाकणंही योग्यच. दुकानाचा जीएसटी क्रमांक किंवा बिल नंबर झाकला असेल तर मात्र विचारावं, कारण त्यात विक्रेत्याचं खासगी असं काही नसतं. आयएमईआय प्रत्यक्ष भेटीत बघायचा. फोनवर `*#06#` दाबलं की स्क्रीनवर येतो. तो खोक्यावरच्या चिठ्ठीशी आणि बिलाशी जुळवायचा. दोन सिमच्या फोनचा बिलावर बहुधा एकच लिहिलेला असतो, तो दोन्हींपैकी कुठलाही असला तरी चालतो. खोक्यावरच्या चिठ्ठीवर मात्र मी स्वतः फारसा भरवसा ठेवत नाही. ती बाजारात छापून मिळते.

क्रमांक न जुळण्याचं एक सरळ कारणही असू शकतं. सर्व्हिस सेंटरनं मदरबोर्ड बदलला किंवा फोनच बदलून दिला तर आयएमईआय बदलतो आणि बिलावर जुना राहतो. पण मग सर्व्हिस सेंटरचा कागद असतो, ज्यावर जुना आणि नवा दोन्ही क्रमांक असतात. तो कागद मागावा. तो "हरवला" असेल तर मी पुढे जात नाही.

सोनं आणि हिरे यांच्या प्रमाणपत्रांचंही गणित हेच आहे, म्हणून थोडक्यात सांगून टाकतो. दागिन्यासोबत मिळणाऱ्या चकचकीत कार्डाला, त्यावरच्या होलोग्रामला आणि सोनेरी किनारीला स्वतःची काही किंमत नसते. दागिन्यावर कोरलेला सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकायचा. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. ॲप म्हणतंय अंगठी आणि आपल्या हातात मंगळसूत्राची वाटी, म्हणजे क्रमांक खरा आणि दागिना दुसरा. हिऱ्यातही खऱ्या नैसर्गिक हिऱ्याचा अहवाल क्रमांक प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्याच्या कडेवर कोरलेला आढळला आहे. हिरे तपासून अहवाल देणाऱ्या जीआयए या संस्थेनं अशी प्रकरणं स्वतः जाहीर केली आहेत. संकेतस्थळावर अहवाल खरा निघतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. अशा वेळी अहवालातलं वजन आणि मापं हातातल्या हिऱ्याशी जुळवून बघायला जाणकारच लागतो, फोटोवरून ते होत नाही.

शनिवारी डेक्कनला

भाच्याला मी सांगितलं होतं की नको घेऊ. त्याला फोन आवडला होता. त्यानं विक्रेत्याला सरळ विचारलं, बिल नंबर 23-24 चा आणि तारीख नोव्हेंबर 24 ची कशी? विक्रेता पळाला नाही. उलट तोच गोंधळला. म्हणाला, मी स्वतः हा फोन डिसेंबरमध्ये एका जुन्या फोनच्या दुकानातून घेतला, हेच बिल मला मिळालं, मी तारीख बघून घेतला. त्या दुकानाची हातानं लिहिलेली पावती त्याच्याकडे होती. तिचा फोटो त्यानं पाठवला. ती खरी की खोटी ते मला सांगता आलं नसतं, कार्बनकॉपीच्या पावतीवर तपासण्यासारखं काही नसतंच.

शनिवारी संध्याकाळी दोघं डेक्कनला एका उजेडाच्या हॉटेलात भेटले. भाच्यानं `*#06#` दाबलं, तो क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळला. बिलाचा कागद हातात घेऊन खिडकीकडे धरला तर तारखेच्या जागी कागद पातळ नव्हता, खोडल्याची खूणही नव्हती. म्हणजे बिल संगणकावर बदलून नव्यानं छापलं होतं, आणि घडी नंतर घातली होती. एसएमएसचं उत्तर आलं, मॉडेल बरोबर, काळ्या यादीत नाही. मग कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकला. वॉरंटी 11 मार्च 2025 ला संपल्याचं दिसलं. मूळ तारीख 12 मार्च 2024, म्हणजे "03" चं "11" केलं होतं. वॉरंटीची तारीख कंपनीच्या यादीत असताना लोक कागदावर का बदलतात, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा ती यादी कोणी उघडून बघत नाही म्हणून.

फोन भाच्यानं साडेसव्वीस हजारांत घेतला. माझा सल्ला त्यानं अर्धाच ऐकला. साध्या कागदावर विक्रीची चिठ्ठी लिहून घेतली: विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, दोन्ही आयएमईआय, रक्कम, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, "बिलावरील तारीख चुकीची असल्याचे दोघांनाही माहीत आहे" हे वाक्य आणि दोघांच्या सह्या. हे वाक्य मीच फोनवरून सांगितलं होतं. उद्या तो फोन भाच्यानं विकायला काढला तर बनावट बिल त्याच्या हातून पुढे जाऊ नये, म्हणून. ते बिल त्यानं चिठ्ठीला टाचून ठेवलंय आणि त्यावर लाल पेननं आडवी रेघ मारली आहे.